गुणगुणलेल्या धुनेवरून मालिका शोधताना

‘ही कुठल्या मालिकेची धून?’ असा प्रश्न घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडतो आणि त्याखाली कुणाच्या तरी आवाजातली पंधरा सेकंदांची गुणगुण असते. पाच मिनिटांत सहा उत्तरं येतात. कुणी मालिकेचं नाव सांगतं, कुणी संगीतकाराचं, कुणी गायकाचं, आणि ही सगळी एकाच प्रश्नाची उत्तरं असल्यासारखी वाद सुरू होतो. खरं तर इथे तीन प्रश्न आहेत. धून कोणत्या मालिकेची? ती बांधली कुणी? आणि पडद्यावर ऐकू आली ती कुणी गायली किंवा वाजवली? पहिल्याचं उत्तर बहुतेकदा मिळतं. दुसऱ्याचं थोडी मेहनत घेतली तर मिळतं. तिसऱ्याचं पुष्कळदा मिळतच नाही, आणि ते मिळत नसताना मिळाल्यासारखं सांगितलं जातं, ही या शोधातली सगळ्यात मोठी चूक आहे.

आधी गुणगुणण्याबद्दल. माणसाला वर्षानुवर्षं लक्षात राहतो तो धुनेचा चढउतार. मूळ पट्टी फार थोड्यांच्या लक्षात राहते. लय ढोबळ राहते आणि सुरांमधली नेमकी अंतरं हळूहळू सरकत जातात. मोठी उडी गळ्याला जमेल एवढी आखूड होते, लांबवलेला सूर श्वास पुरेल तिथे तुटतो. तरीही समोरच्याला धून ओळखू येते, कारण सूर आता वर गेला, आता खाली आला, आता तिथेच राहिला, हा आराखडा टिकलेला असतो.

या आराखड्यावरच डेनिस पार्सन्स या इंग्रज माणसाने १९७५ साली धुनांचा एक कोश छापला. त्याची युक्ती अगदी साधी होती. पहिल्या सुराला चांदणी. पुढचा सूर वर गेला तर U, खाली आला तर D, तोच राहिला तर R. स्वरलिपी न येणाऱ्यालाही हे लिहिता येतं. वाढदिवसाला सगळे म्हणतात ते इंग्रजी गाणं घ्या. पहिले दोन सूर सारखे, मग एक पायरी वर, परत खाली, मग मोठी उडी वर आणि शेवटी एक पायरी खाली. म्हणजे `*RUDUD`. गंमत अशी की त्याच गाण्याच्या दुसऱ्या ओळीचा आराखडाही हुबेहूब हाच आहे. फरक आहे तो फक्त उडीच्या उंचीत, आणि तो या खुणांना दिसत नाही. सहा सूर पुरत नाहीत ते यामुळेच. बारा-पंधरा सुरांचा सलग तुकडा मिळाला तर गोंधळ एकदम कमी होतो.

फोनमधली शोधसाधनं याच्या बरीच पुढे गेली आहेत, पण तत्त्व जवळचंच आहे. गुगलने ऑक्टोबर २०२० मध्ये गुणगुणून शोधायची सोय दिली. दहा ते पंधरा सेकंद गुणगुणा, शिट्टी वाजवा, मग ते साधन आवाजाचा पोत आणि वाद्यं बाजूला ठेवून नुसती सुरावट वेगळी काढतं आणि आपल्या साठ्यातल्या सुरावटींशी ताडून पाहतं. उत्तरापुढे किती टक्के जुळलं तेही दाखवतं. शाझमचं काम वेगळं. ते मूळ ध्वनिमुद्रणच ओळखतं. तुमच्या गळ्यातली तीच धून त्याच्या दृष्टीने निराळा आवाज असतो. म्हणून ‘शाझमला ऐकवलं, त्याला नाही कळलं’ याचा अर्थ धून दुर्मीळ आहे असा होत नाही.

जुन्या दूरदर्शन मालिकांच्या बाबतीत मात्र या साधनांची एक खोड लक्षात ठेवायला हवी. त्या काळच्या अनेक शीर्षकधुना तबकडी किंवा कॅसेट म्हणून बाजारात आल्याच नाहीत. त्यामुळे साठ्यात सापडतं ते कुणीतरी हौसेने कीबोर्डवर, बासरीवर किंवा गिटारवर वाजवून चढवलेलं रूप. जुळणी बरोबर होते, मालिकेचं नावही बहुधा बरोबर येतं, पण ‘कलाकार’ या रकान्यात त्या हौशी वादकाचं नाव असतं. मग तेच नाव संगीतकार म्हणून पुढे पाठवलं जातं.

एक उदाहरण सविस्तर पाहू. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी एक धून गुणगुणून पाठवली. शब्द नव्हते, नुसती ‘ता ना ना’ छापाची अक्षरं होती. सोबत त्यांनी लिहिलं होतं, ‘सुरभि की काय ते. एल. सुब्रमण्यम यांचं संगीत होतं, हे मला पक्कं आठवतं.’ त्यांच्या मुलाने फोनवर शोधलं तेव्हा एका कीबोर्डवादकाचं नाव आलं होतं.

अशा वेळी मी धून लगेच बाजूला ठेवतो आणि तिच्याभोवतीचं विचारतो. घरात तेव्हा टीव्ही कृष्णधवल होता की रंगीत? धून सुरू असताना पडद्यावर काय दिसायचं? मालिकेत गोष्ट होती की कुणी निवेदन करायचं? आठवतं तेवढंच सांगा, अंदाजाने भर घालू नका, एवढंच बजावतो. काकूंना तीन गोष्टी आठवल्या. पडद्यावर रेषांनी काढलेली चित्रं यायची. गोष्टीत एक शाळकरी मुलगा होता. आणि गाव दक्षिणेकडचं वाटायचं, पण बोलणं हिंदी होतं.

एवढं पुरे होतं. ‘सुरभि’ १९९० मध्ये सुरू झाली. रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक निवेदन करत, देशभरातल्या कला-परंपरांची ओळख करून देत. तिथे गोष्टीतला शाळकरी मुलगा कुठून येणार? रेषाचित्रं, स्वामी नावाचा मुलगा, दक्षिणेतलं गाव आणि हिंदी संवाद यांची मोळी बांधली की ‘मालगुडी डेज’ समोर येते. आर. के. नारायण यांच्या कथा, त्यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, कर्नाटकातल्या आगुंबे गावात चित्रीकरण, आणि स्वामीच्या भूमिकेत मास्टर मंजुनाथ. ही मालिका १९८६-८७ च्या सुमाराची, म्हणजे ‘सुरभि’च्या आधीची. मूळ शीर्षक लावून काकूंना ऐकवलं आणि त्यांनी पहिल्या काही सेकंदांतच होकार दिला.

हा होकार घेतानाही एक पथ्य पाळावं लागतं. नाव सांगून मग धून ऐकवली तर माणूस सहज ‘हो, हीच’ म्हणतो. म्हणून मी आधी नाव सांगत नाही. त्याच काळातल्या दोन-तीन मालिकांची शीर्षकं एकापाठोपाठ ऐकवतो आणि त्यातली कोणती हे त्यांनाच ठरवू देतो. नकार जितका ठाम, तितकाच होकारावर विश्वास ठेवता येतो.

आता संगीतकार. ‘मालगुडी डेज’चं संगीत एल. वैद्यनाथन यांचं. मग काकूंना एल. सुब्रमण्यम ‘पक्के’ का आठवत होते? कारण हे दोघे सख्खे भाऊ. वडील व्ही. लक्ष्मीनारायण व्हायोलिनवादक. दक्षिणेतल्या रीतीप्रमाणे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर मुलांच्या नावाआधी आलं, म्हणून एल. वैद्यनाथन, एल. सुब्रमण्यम आणि एल. शंकर. तिघेही व्हायोलिन वाजवणारे. थोरले वैद्यनाथन (१९४२-२००७) चित्रपटसंगीताकडे वळले. कमल हासन यांच्या ‘पुष्पक’ या संवादाविना चाललेल्या चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. ‘सुरभि’ची शीर्षकधून मात्र एल. सुब्रमण्यम यांची. म्हणजे काकूंची आठवण खोटी नव्हती. मालिका एका भावाची आणि नाव दुसऱ्या भावाचं, अशी दोन खऱ्या आठवणींची गाठ पडली होती. स्मृतीतल्या चुका मला बहुतेकदा अशाच दिसल्या आहेत. म्हणून चुकीचं उत्तर आलं तरी ते टाकून देऊ नये. त्यात खऱ्या उत्तराचा धागा असण्याचा संभव मोठा.

पण ‘संगीत वैद्यनाथन यांचं’ हे मी कशावरून म्हणायचं? दहा ठिकाणी तसं लिहिलंय, हा पुरावा होत नाही, कारण त्या दहांपैकी नऊ ठिकाणी एकमेकांवरून उतरवून घेतलेलं असतं. पुरावा म्हणजे मालिकेची श्रेयनामावली. तीही त्याच प्रसारणाची किंवा अधिकृत प्रतीची. इंटरनेटवर चढवलेल्या भागांची सुरुवात पुष्कळदा कापलेली असते, तेव्हा शेवटची नामावली पाहावी. दोन-तीन वेगवेगळे भाग पाहावेत. आणि ‘मालगुडी डेज’सारख्या मालिकेत तर जास्तच जपावं, कारण २००६ मध्ये कविता लंकेश यांच्या दिग्दर्शनाखाली तिचे आणखी काही भाग तयार झाले. आपण कोणत्या फेरीतला भाग पाहतोय हे आधी ठरवल्याशिवाय नामावलीतलं नाव उचलू नये.

नामावली वाचायचीही एक रीत आहे. ‘संगीत’ असा एकच शब्द असेल तर त्यात शीर्षकधून आणि प्रसंगांमागचं संगीत दोन्ही धरता येतात, पण खात्रीने नाही. मराठी मालिकांत ‘शीर्षकगीत’ आणि ‘पार्श्वसंगीत’ अशी वेगळी नावं येतात, आणि ती माणसंही वेगळी असतात. याशिवाय ‘संगीत संयोजन’ असेल तर ते वाद्यमेळ बसवणाऱ्याचं काम. चाल त्याची नसते. माहितीसाठ्यांत मात्र या सगळ्यांसाठी ‘संगीत’ हा एकच रकाना असतो आणि तिथे यांतलं कुणाचंही नाव जाऊन बसतं.

शब्द असलेलं शीर्षकगीत असेल तर गोंधळाची जागा बदलते. ऐकणाऱ्याला आवाज आठवतो आणि आवाजाचा मालक हाच गाण्याचा कर्ता ठरतो. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’चं शीर्षकगीत कुणाचं, असं विचारलं तर बहुतेक जण महेंद्र कपूर म्हणतील. गायलं त्यांनीच. पण संगीत राजकमल यांचं आणि शब्द पंडित नरेंद्र शर्मा यांचे. त्यातच ‘समय’चा निवेदनाचा आवाज हरीश भिमाणींचा, आणि तोही सुरुवातीलाच ऐकू येत असल्याने काहींच्या आठवणीत गायकाच्या जागी तेच जाऊन बसतात. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मध्ये तर शब्द ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे, हिंदी रूप मराठी नाटकं हिंदीत नेणाऱ्या वसंत देवांचं, आणि संगीत वनराज भाटियांचं. ‘ते तर वेदांतलं आहे’ असं म्हणून संगीतकाराचा प्रश्न सोडून देणारे मला भेटले आहेत. शब्द हजारो वर्षं जुने असले तरी ही चाल बांधणारा माणूस आपल्या काळातला होता.

आपल्याकडे घराघरांत वाजलेल्या ‘आभाळमाया’ आणि ‘वादळवाट’ या दोन शीर्षकगीतांची सरमिसळही अशीच होते. दोन्हींचे शब्द मंगेश कुळकर्णींचे, संगीत अशोक पत्कींचं आणि स्वर देवकी पंडित यांचा. आवाज आणि चालीचा बाज एकच असल्यावर गुणगुणणारा पहिली ओळ एका गाण्याची घेतो आणि पुढे दुसऱ्यात शिरतो. इथे यंत्र हात टेकतं, कारण त्याला दिलेला तुकडा कुठल्याच गाण्यात सलग सापडत नाही. त्यावर उपाय असा की गुणगुणणाऱ्याला मधूनच सुरू करायला सांगायचं, किंवा शेवटची ओळ म्हणायला लावायची. मराठी मालिकांच्या शीर्षकगीतांसाठी ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाचा फार उपयोग होतो. तिथे गीत, संगीत आणि स्वर ही तीन श्रेयं वेगवेगळी नोंदलेली असतात, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं.

दुसऱ्या देशातून आलेल्या मालिकांची गोष्ट आणखी निराळी. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी ज्यांनी मोगली पाहिला, त्यांना चड्डी घातलेल्या फुलाचं गाणं विसरता येणं शक्य नाही. कुणीही ते गुणगुणलं की मालिका ओळखायला क्षणही लागत नाही. पण संगीतकार शोधायला जाऊन मालिकेचं नाव टाकलं की भलत्याच वाटेला लागायला होतं. ही मालिका जपानची. निप्पॉन अ‍ॅनिमेशनने ती केली, १९८९-९० मध्ये ती तिकडे दाखवली गेली, आणि तिचे ५२ भाग आहेत. तिला स्वतःचं जपानी शीर्षकगीत आहे. आंतरराष्ट्रीय माहितीसाठ्यांत नावं सापडतात ती त्या जपानी गीताची. आपण ऐकलेलं गाणं दूरदर्शनवरच्या हिंदी आवृत्तीसाठी वेगळं तयार झालं. शब्द गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आणि गायलं अमोल सहदेव या मुलाने. याच आवृत्तीत शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा.

म्हणजे डब केलेल्या मालिकेबाबत ‘या मालिकेचं संगीत कुणाचं?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या भाषेतली, कोणत्या वाहिनीवरची आवृत्ती, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. त्यावरही एक थर आहे. २०१६ मध्ये ‘द जंगल बुक’ हा चित्रपट भारतात आला तेव्हा हेच गाणं नव्याने ध्वनिमुद्रित झालं. आज फोनला ऐकवल्यावर तो हे नवं ध्वनिमुद्रण दाखवू शकतो. चाल तीच, गीतकार-संगीतकार तेच, पण लहानपणी ऐकलेला आवाज तो नव्हे. गायकाचं नाव लिहिण्याआधी ध्वनिमुद्रणाचं वर्ष पाहायचं ते यासाठी.

श्रेयनामावली हा सगळ्यात भक्कम पुरावा असं मी म्हटलं, पण ती पूर्ण असतेच असं नाही. ब्रिटनमधलं एक उदाहरण यासाठी फार मोलाचं आहे. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका १९६३ मध्ये सुरू झाली. तिची धून रॉन ग्रेनर यांनी कागदावर लिहिली. ती ऐकू आली मात्र डेलिया डर्बीशायर यांच्या हातून. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये त्यांनी एकेक सूर वेगळा निर्माण केला, टेपवर घेतला, टेप कापून हव्या त्या लांबीचे तुकडे केले आणि ते जोडत जोडत सगळी धून उभी केली. ती ऐकल्यावर हे श्रेय डर्बीशायर यांनाही मिळावं असं स्वतः ग्रेनर यांनाच वाटलं. बीबीसीच्या त्या वेळच्या नियमांत ते बसलं नाही, कारण वर्कशॉपमधले लोक नोकरदार होते आणि त्यांची नावं वैयक्तिकरीत्या दिली जात नसत. डर्बीशायर २००१ मध्ये गेल्या. पडद्यावर त्यांचं नाव पहिल्यांदा आलं ते २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षाच्या विशेष भागात. त्याआधी कुणी कितीही काळजीपूर्वक नामावली वाचली असती, तरी अर्धं उत्तर हाती आलं नसतं.

आपल्याकडे वादकांच्या बाबतीत हीच स्थिती नेमाची आहे. शीर्षकधुनेतली बासरी कुणाची, व्हायोलिनचा तो तुकडा कुणी वाजवला, मागून ‘ता ना ना’ म्हणणारे आवाज कुणाचे, हे नामावलीत क्वचितच येतं. मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत दशकानुदशकं वाजवणाऱ्या वादकांची, त्यांत गोव्याहून आलेले कितीतरी, नावं पडद्यावर येत नसत. ग्रेगरी बूथ यांनी अशा वादकांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक २००८ मध्ये केलं, तेव्हा कुठे त्यांतल्या अनेकांचं काम कागदावर आलं. मालिकांच्या वादकांसाठी असं काम अजून व्हायचं आहे, आणि ते लवकर व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण त्या काळचे वादक आता वयोवृद्ध आहेत.

तोवर वादकाचं नाव मिळवायचे मार्ग थोडेच. कॅसेट किंवा तबकडी निघाली असेल तर तिचं वेष्टन. संगीतकाराची मुलाखत, जिथे तो स्वतः ‘हे अमक्याने वाजवलं’ म्हणतो. आणि वादकाने किंवा त्याच्या घरच्यांनी सांगितलेलं. या शेवटच्या मार्गाला जोड लागते ती ध्वनिमुद्रणाचं वर्ष, स्टुडिओ, सोबत वाजवणाऱ्या एखाद्याची साक्ष अशा तपशिलांची. ‘बाबांनी मालगुडीला वाजवलं होतं’ असं कुणी म्हटलं तर ते शीर्षकधुनेबद्दल असेल किंवा एखाद्या भागातल्या प्रसंगाबद्दल. दोन्ही ध्वनिमुद्रणं वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या वादकांसह झालेली असू शकतात. तेव्हा नेमकं काय वाजवलं होतं ते त्यांना आठवून गुणगुणायला सांगावं आणि तो तुकडा शीर्षकात आहे का हे ऐकून पाहावं.

काकूंना मी उत्तर पाठवलं ते असं: मालिका ‘मालगुडी डेज’, शीर्षकधुनेसह संगीत एल. वैद्यनाथन, आवाज आणि वादक यांची नोंद मिळाली नाही. त्यांच्या मुलाने लगेच विचारलं, ‘मग तो कीबोर्डवाला?’ त्याचं नावही लिहून ठेवायला सांगितलं, पण ‘धुनेचं नंतरचं वादन’ अशा वेगळ्या ओळीवर.